वाया जाणाऱ्या उष्णतेवर सिंगल इफेक्ट व्हॅम चिलर : निवड, कूलिंग टॉवर आणि पाण्याचा हिशोब (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गॅस इंजिनाच्या जॅकेट वॉटरवर व्हॅम, म्हणजे व्हेपर ॲब्सॉर्प्शन मशीन, बसवायचं ठरलं की सगळी चर्चा मशीनच्या किमतीवर आणि वाचणाऱ्या विजेवर होते. कूलिंग टॉवरचा विषय शेवटी येतो, आणि बहुतेक वेळा घोटाळा तिथेच होतो. म्हणून इथे एकच उदाहरण धरून सगळे प्रश्न सोडवले आहेत. रायगड जिल्ह्यातल्या किनारपट्टीलगतचा एक कारखाना घ्या. १,२५० किलोवॅटचं गॅस इंजिन आहे, पण ते बहुतेक वेळ १,००० किलोवॅटवर चालतं. त्या भाराला जॅकेटच्या पाण्यातून ५५० किलोवॅट उष्णता मिळते आणि आज ती रेडिएटरमधून हवेत जाते. कारखान्याला ७ अंशांचं चिल्ड वॉटर दिवसाला २० तास, वर्षाला ३०० दिवस हवं आहे.

डबल इफेक्टची सीओपी जवळजवळ दुप्पट असते. मग सिंगल इफेक्ट का घ्यायचं?

कारण जॅकेटचं पाणी तेवढं गरम नसतं. डबल इफेक्टला साधारण ४ ते ८ बार दाबाची वाफ किंवा इंजिनाचा एक्झॉस्ट लागतो. ९० अंशांच्या पाण्यावर चालतं ते सिंगल इफेक्टच. त्याची सीओपी ०.७ च्या आसपास असते, म्हणजे १०० किलोवॅट उष्णता दिली की ७० किलोवॅट थंडावा मिळतो. उष्णता फुकटची असल्यामुळे कमी सीओपीचा फटका इंधनाच्या बिलात दिसत नाही. तो टॉवरवर दिसतो, कारण मशीनमध्ये गेलेली प्रत्येक किलोवॅट उष्णता शेवटी टॉवरमधूनच बाहेर पडते.

आमच्या इंजिनावर किती टनाचं मशीन बसेल?

आधी एक सवय लावून घ्या. इंजिनाच्या डेटाशीटवरची पूर्ण भाराची उष्णता धरू नका. निदान महिनाभर जॅकेटचा फ्लो आणि आत-बाहेरचं तापमान लॉगबुकात नोंदवा, आणि इंजिन खऱ्या भारावर चालताना जे मिळतं ते धरा. आपल्या उदाहरणात १,२५० च्या भाराची उष्णता धरून मशीन घेतलं असतं, तर ते कायम अर्धपोटी राहिलं असतं.

५५० किलोवॅटला ०.७ ने गुणलं की ३८५ किलोवॅट येतात. एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, त्यामुळे जवळपास ११० टन.

पण हे ११० टन मिळतात ते मशीनला ९० अंशांचं गरम पाणी आणि ३२ अंशांचं कूलिंग वॉटर मिळालं तर. जॅकेटच्या पाण्यात गंजरोधक रसायन असतं, म्हणून ते सरळ व्हॅममध्ये नेत नाहीत. मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर घालतात, आणि तिथे तीनेक अंश जातात. म्हणजे इंजिनातून ९३ बाहेर आलं तर मशीनला ९० मिळतं. इंजिन ९० च देत असेल तर मशीनसाठी ८७ धरूनच निवड करा. गरम पाणी ९० ऐवजी ८५ झालं, तर बहुतेक मशीनची क्षमता पंधरा टक्क्यांहून जास्त घसरते.

चिल्ड वॉटर किती थंड हवं, हेही पुन्हा एकदा विचारून घ्या. मशीनमध्ये रेफ्रिजरंट म्हणून साधं पाणीच असतं, त्यामुळे ४-५ अंशांच्या खाली जाता येत नाही. पण वरच्या बाजूला मोकळीक आहे. प्रक्रियेला १० अंशांचं पाणी चालत असेल तर सवयीने ७ मागू नका. त्याच मशीनमधून बरेच जास्त टन निघतील.

टॉवरवर नेमका किती भार येतो?

टॉवरने दोन गोष्टी बाहेर टाकायच्या असतात : चिल्ड वॉटरमधून काढलेली ३८५ किलोवॅट उष्णता आणि मशीन चालवायला दिलेली ५५० किलोवॅट. एकूण ९३५ किलोवॅट.

तेवढ्याच टनाचा वॉटर कूल्ड स्क्रू चिलर घेतला आणि त्याची सीओपी ५.५ धरली, तर कॉम्प्रेसर ७० किलोवॅट वीज घेतो आणि टॉवरवर ४५५ किलोवॅट जातात. म्हणजे थंडावा तेवढाच, पण टॉवरचा भार दुपटीहून थोडा जास्त. सिंगल इफेक्टला दर टनामागे साधारण साडेआठ किलोवॅट टाकावे लागतात, इलेक्ट्रिक चिलरला सव्वाचारच्या आत.

पाण्याचा फ्लोही त्याच प्रमाणात वाढतो. ९३५ किलोवॅटसाठी साडेपाच अंशांची वाढ धरली तर ताशी १४६ घनमीटर पाणी फिरवावं लागतं. इलेक्ट्रिकला पाच अंशांवर ७८ पुरतं. पंप, पाइप, व्हॉल्व्ह, हेडर, सगळंच एक-दोन माप वर जातं. जुन्या चिलरच्या जागी व्हॅम ठेवून जुनीच पाइपलाइन जोडायचा बेत असेल, तर तो इथेच थांबवा.

मग ११० टनाच्या व्हॅमला किती टनाचा टॉवर मागवायचा?

टनात मागवूच नका. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चिलरचा टन म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी. टॉवरवाल्यांचा टन वेगळा असतो. कॉम्प्रेसरची उष्णता त्यात धरलेली असते, म्हणून तो बऱ्याच ठिकाणी ३,९०० किलोकॅलरीचा असतो : मिनिटाला १३ लिटर पाणी, ३७ वरून ३२ अंशांवर, २७ अंश वेट बल्बला. अमेरिकी पद्धतीत तोच ३,७८० चा होतो. काही जण कोटेशनमध्ये ३,०२४ चाच टन लिहितात. कागदावर तिन्हींना 'टीआर' च म्हटलेलं असतं.

आता ११० टनाच्या व्हॅमला '११० टीआर' चा टॉवर आला असं धरा. ३,९०० च्या टनाने तो सुमारे ५०० किलोवॅट टाकू शकतो. गरज आहे ९३५ ची. त्याच टनात मोजायचं तर किमान २०६ टनांचा टॉवर हवा, आणि तोही २७ वेट बल्बला. किनाऱ्यावर डिझाइन वेट बल्ब २८ धरतात. ३२ अंशांचं पाणी हवं असेल तर अप्रोच, म्हणजे टॉवरमधून निघणारं पाणी आणि वेट बल्ब यांतला फरक, फक्त चार अंश उरतो, आणि अप्रोच एक अंशाने कमी झाला की टॉवर बराच मोठा होतो. या जागी मी २५० च्या खाली उतरणार नाही.

म्हणून चौकशीपत्रात एवढंच लिहा : उष्णता ९३५ किलोवॅट, फ्लो ताशी १४६ घनमीटर, आत ३७.५, बाहेर ३२, वेट बल्ब २८. टन कोणता ते टॉवरवाल्याला ठरवू द्या.

टॉवर थोडा लहान पडला तर काय होतं? मशीन बंद पडतं का?

बंद पडत नाही, म्हणूनच चूक लवकर सापडत नाही. लहान टॉवर जेवढं टाकू शकतो तिथे मशीन स्वतःला जुळवून घेतं. सम्पचं पाणी ३२ ऐवजी ३५-३६ वर जातं. ॲब्सॉर्बर गरम राहिला की लिथियम ब्रोमाइडचं द्रावण बाष्प नीट शोषत नाही, इव्हॅपोरेटरमधला दाब वाढतो आणि चिल्ड वॉटर ७ वर यायचं थांबतं. कूलिंग वॉटर एक अंशाने वाढलं की साधारण ४ ते ६ टक्के क्षमता जाते. नेमका आकडा मात्र उत्पादकाच्या वक्रावरूनच घ्या.

अशी एक जागा मी पाहिली आहे. तक्रार होती, 'व्हॅममध्ये दम नाही, दुपारनंतर चिल्ड वॉटर ११ च्या खाली येतच नाही.' व्हॅक्यूम तपासून झाला होता, पर्जिंग झालं होतं, सोल्यूशनचा नमुना प्रयोगशाळेत जाऊन आला होता. ऑपरेटरला सम्पमध्ये थर्मामीटर धरायला सांगितलं. साडेतीन वाजता ३६ होतं. लॉगशीटमध्ये चिल्ड वॉटर आणि गरम पाण्याचे रकाने होते, कूलिंग वॉटरचा रकानाच नव्हता. टॉवर टनाला टन मोजून घेतलेला होता.

कॅटलॉगमधली क्षमता आणि आमच्या जागेवरची क्षमता यांत फरक का पडतो?

कारण कॅटलॉगचं कूलिंग वॉटर तुमचं नसतं. अमेरिकी एएचआरआय मानकात ते २९.४ अंश धरलेलं असतं, जपानी वळणाच्या कॅटलॉगांत ३१ सापडतं, आणि आपल्याकडे ३२ धरून चालतात. २९.४ वरचे ११० टन ३२ ला ११० राहत नाहीत. तुलनेला ठेवलेल्या सगळ्या कोटेशनांत गरम पाणी, कूलिंग वॉटर आणि चिल्ड वॉटर ही तिन्ही तापमानं एकच करून मागवा. तोवर किमतींची तुलना करू नका.

टॉवर खरंच एवढा वाढवावा लागतो का? इंजिनाची उष्णता आधीही कुठेतरी जातच होती ना?

हा फार चांगला प्रश्न आहे, आणि याचं उत्तर जागेनुसार बदलतं.

आपल्या उदाहरणात जॅकेटची उष्णता कोरड्या रेडिएटरमधून हवेत जात होती, पाण्याचा थेंबही न लागता. आता तीच ५५० किलोवॅट व्हॅममधून फिरून ओल्या टॉवरवर येते. कॉम्प्रेसरचे ७० किलोवॅट कमी झाले, म्हणून टॉवरवरची निव्वळ वाढ ४८० किलोवॅट.

पण काही कारखान्यांत इंजिनाचं जॅकेट आधीपासूनच टॉवरवर असतं. तिथे आधीचा भार ५५० अधिक ४५५, म्हणजे १,००५ किलोवॅट होता. व्हॅम आल्यावर तो ९३५ होतो, म्हणजे सत्तरने उतरतोच! तरीही जुना टॉवर तसाच चालेल असं नाही. जॅकेट थंड करायला ३८ अंशांचं पाणीही चालून जातं, व्हॅमला मात्र ३२ लागतं. किलोवॅट पुरेसे असले तरी जुन्या टॉवरचा अप्रोच पुरतो का, हे बघावं लागतं. फिल बदलून किंवा एक सेल वाढवून कधी कधी भागतं.

पाणी किती जास्त लागेल?

बाष्पीभवनाचा अंदाज काढायला फ्लो, तापमानातली घट आणि ०.००१५३ यांचा गुणाकार करतात. व्हॅमसाठी १४६ गुणिले ५.५ गुणिले ०.००१५३, म्हणजे ताशी सुमारे १.२३ घनमीटर. सायकल ऑफ कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे फिरत्या पाण्यातले क्षार ताज्या पाण्याच्या किती पट होऊ द्यायचे ते, ४ ठेवली तर ब्लोडाउन, म्हणजे क्षारांसाठी मुद्दाम सोडून द्यायचं पाणी, बाष्पीभवनाच्या एक तृतीयांश, ०.४१. मेकअप, म्हणजे भरून काढायचं ताजं पाणी, झालं ताशी १.६४ घनमीटर. इलेक्ट्रिक चिलरसाठी हाच हिशोब ०.८० येतो. वीस तासांत फरक पडतो जवळपास १७ घनमीटरचा, म्हणजे दहा हजार लिटरचे पावणेदोन टँकर, रोज.

एमआयडीसीचं पाणी पुरेसं मिळत असेल तर हे सोसतं. एप्रिल-मेमध्ये टँकरवर दिवस काढणाऱ्या जागेत आधी पाण्याची सोय लेखी पक्की करा, मग मशीनचं बघा. बोअरचं कठीण पाणी असेल तर सायकल ४ वर टिकणार नाही, २-२.५ वर आणावी लागेल. सायकल २ झाली की ब्लोडाउन बाष्पीभवनाएवढंच होतं आणि मेकअप २.४६ वर जातो. सॉफ्टनरचा खर्च त्यापुढे स्वस्त वाटतो. आवाराच्या ईटीपीतून निघणारं प्रक्रिया केलेलं पाणी चांगल्या प्रतीचं असेल, तर टॉवर ही त्याच्यासाठी योग्य जागा आहे.

मग शेवटी वीज किती वाचते?

विक्रीच्या कागदावर ७० किलोवॅट लिहिलेले असतात. खरा हिशोब टॉवरसकट करा. मोठ्या फ्लोचा कूलिंग वॉटर पंप साधारण १५ किलोवॅट घेतो, टॉवरचा पंखा साडेसात, गरम पाण्याचा पंप तीन-सव्वातीन, आणि मशीनचे स्वतःचे सोल्यूशन व रेफ्रिजरंट पंप मिळून चारेक. बेरीज तीसच्या आसपास. इलेक्ट्रिकच्या बाजूला कॉम्प्रेसर ७०, पंप साडेसहा, पंखा पावणेचार, म्हणजे ८०. वाचले ५० किलोवॅट.

वर्षाच्या ६,००० तासांत तीन लाख युनिट होतात. युनिट ९ रुपयांना धरलं तर २७ लाख. त्यातून जास्तीचं ५,१०० घनमीटर पाणी वजा करा. ते घनमीटरला ६० रुपयांनी मिळत असेल तर तीन लाख, टँकरने १५० ला पडत असेल तर साडेसात लाखांच्या वर. दर तुमचे घाला, पण रकाना रिकामा सोडू नका. एवढं वजा करूनही वर्षाला वीस लाखांच्या आसपास राहतात, आणि म्हणूनच हे काम मनापासून करण्यासारखं आहे. मात्र इंजिन दिवसाला आठच तास चालत असेल, तर हाच आकडा निम्म्याहून खाली येतो.

फ्लो कमी ठेवून पंप आणि टॉवर लहान करता येईल का?

थोडाफार. साडेपाचऐवजी आठ अंशांची वाढ घेतली तर १४६ चे १०० घनमीटर होतात. पंपाची वीज उतरते, पाइप लहान होतो, आणि परत येणारं पाणी जास्त गरम असल्यामुळे टॉवरलाही सोपं जातं. पण कूलिंग वॉटर बहुतेक मशीनमध्ये आधी ॲब्सॉर्बरमधून आणि मग कंडेन्सरमधून जातं. ते ४० अंशांवर बाहेर पडायला लागलं की कंडेन्सरचं तापमान चढतं, आणि जनरेटरला तेवढंच बाष्प काढायला जास्त गरम पाणी लागतं. जॅकेटवर ते आपल्या हातात नसतं. म्हणून कमी फ्लो हवा असेल तर त्या फ्लोवरची निवड उत्पादकाकडून नव्याने करून घ्या. मशीन एक माप मोठं येईल, आणि पंपाची बचत त्या वाढीव किमतीला पुरते का ते बघा. बसवून झालेल्या मशीनचा फ्लो मात्र स्वतःहून आवळू नका.

आता रेडिएटर काढून टाकायचा का?

मुळीच नाही. चिल्ड वॉटरची मागणी उतरली की व्हॅमचा थ्री-वे व्हॉल्व्ह गरम पाणी बायपास करतो, आणि ते जवळजवळ तेवढंच गरम इंजिनाकडे परत जातं. ती उष्णता टाकायला दुसरी जागा नसेल तर जॅकेटचं तापमान चढतं आणि इंजिन ट्रिप होतं. वीजही गेली आणि चिलरही. रेडिएटर परतीच्या लाइनवर, तापमानाप्रमाणे आपोआप सुरू होणारा ठेवा.

टॉवरचं पाणी जितकं थंड तितकं बरं, हे खरं का?

एका मर्यादेपर्यंत. घाटमाथ्यावर जानेवारीच्या पहाटे सम्पचं पाणी २० च्याही खाली जातं, आणि इलेक्ट्रिक चिलरची सवय असलेला ऑपरेटर त्यावर खूश असतो. व्हॅममध्ये तेच पाणी ॲब्सॉर्बरमधून येणारं पातळ द्रावण जास्त थंड करतं. हीट एक्स्चेंजरमध्ये ते जनरेटरकडून येणाऱ्या घट्ट द्रावणाला भेटतं, आणि घट्ट द्रावण थंड झालं की मीठ धरतं. यालाच क्रिस्टलायझेशन म्हणतात. टॉवर प्रशस्त घेतला असेल तर हा धोका वाढतो, म्हणून पंख्याला व्हीएफडी आणि कूलिंग वॉटरला बायपास व्हॉल्व्ह सुरुवातीलाच घ्या. सर्वांत खालचं तापमान किती चालेल ते उत्पादकाकडून लेखी घ्या.

अचानक वीज गेली तरी हेच होऊ शकतं. मशीन नीट बंद होताना उष्णता तोडून पंप काही मिनिटं फिरत राहतात आणि घट्ट-पातळ द्रावण एक होतं. वीज गेली की हे मिसळणं राहून जातं. सोल्यूशन पंप आणि कंट्रोल पॅनेल आपत्कालीन पुरवठ्यावर ठेवा.

सुरुवात ओळखायची एक साधी खूण आहे. हीट एक्स्चेंजर तुंबायला लागला की जनरेटरमधलं गरम द्रावण ओव्हरफ्लो पाइपमधून सरळ ॲब्सॉर्बरकडे उतरतं. एरवी तो पाइप कोमट असतो. त्याला बाहेरून लावलेला तापमान सेन्सर चढू लागला, किंवा जपून हात जवळ नेल्यावर झळ लागली, तर गरम पाणी लगेच कमी करा आणि उत्पादकाच्या माणसाला फोन करा.

रोज काय नोंदवायचं?

सहा तापमानं आणि बाहेरचा वेट बल्ब. गरम पाणी आत-बाहेर, चिल्ड वॉटर आत-बाहेर, कूलिंग वॉटर आत-बाहेर. क्षमता घसरली की आधी सम्प आणि वेट बल्बमधला फरक बघा. तो चारावरून सहा-सातवर गेला असेल तर दोष टॉवरचा आहे : नोझल तुंबलेत, फिल बसलंय किंवा पंख्याचा पट्टा सैल आहे. तो चारच असेल, कूलिंग वॉटर ३२ नेच आत जात असेल आणि तरी चिल्ड वॉटर चढत असेल, तर कंडेन्सरच्या ट्यूबमधला क्षार किंवा हवेची गळती शोधा. इव्हॅपोरेटर पाऱ्याच्या सहा-सात मिलिमीटर दाबावर चालतो, तिथे थोडीशी हवाही पुष्कळ होते. पर्ज टाकी आठवड्याऐवजी रोज रिकामी करावी लागत असेल तर गळती आहे असं समजा आणि सोल्यूशनला हात लावण्याआधी ती शोधा.